मच्छरदाणी असूनही बाळाला डास चावतात, ते कुठून?

*माझं बाळ सात आठवड्यांचं आहे. पाऊस सुरू झाल्यापासून त्याला रात्री छत्रीसारख्या उघडणाऱ्या छोट्या मच्छरदाणीत झोपवतो, तरी सकाळी त्याच्या उजव्या गालावर आणि उजव्या हातावर लाल गाठी दिसतात. दिवसा मच्छरदाणी लावत नाही, कारण त्यात त्याला उकडतं आणि डासही संध्याकाळनंतरच येतात. सासूबाई म्हणतात, तेलात कापूर घालून अंगाला लाव. नवऱ्याने 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं रोल-ऑन आणलंय. शेजारीण म्हणते, कॉइल लाव, नाहीतर लिक्विडचं मशीन रात्रभर चालू ठेव. काही लावायची भीती वाटते आणि काही न लावायचीही. बाळ दोन महिन्यांचं झालं की चांगलं रिपेलंट लावता येतं, असं वाचलंय. तोवरचे दिवस कसे काढू, आणि नंतर कोणतं लावू? – एक आई*

ताई,

गाठी फक्त उजव्या बाजूला उठतात, ही तुमची नोंद फार कामाची आहे. डास मच्छरदाणीच्या आत मोकळा फिरत असता, तर जिथे कातडी उघडी दिसेल तिथे तो बसला असता, दोन्ही हातांवर, कपाळावर, पायांवर. एकाच बाजूचा गाल आणि त्याच बाजूचा हात म्हणजे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: बाळ झोपेत त्या बाजूला सरकतं किंवा हात फेकतं, गाल आणि हात जाळीला टेकतात, आणि डास बाहेर बसूनच जाळीतून सोंड आत घालतो. त्याला आत यायची गरजच पडत नाही. जाळी डासाचं शरीर अडवते, त्याची सोंड नाही.

पण अंदाजावर थांबू नका, उद्या सकाळीच खात्री करून घ्या. बाळाला उचलण्याआधी, मच्छरदाणी न हलवता, टॉर्च घेऊन आतून नीट बघा. रक्त प्यायलेला डास जड होतो, लांब उडत नाही. तो जवळच, बहुतेक वेळा जाळीच्या वरच्या भागात किंवा शिवणीच्या कोपऱ्यात निवांत बसलेला असतो, आणि त्याचं पोट फुगलेलं, काळपट लाल दिसतं. असा डास आत सापडला, तर तो कडेखालून, भोकातून किंवा तुम्ही रात्री दूध पाजायला बाळाला उचललंत तेव्हा आत आला. आत एकही डास नाही आणि गाठी मात्र जाळीकडच्या बाजूलाच आहेत, तर चावा जाळीतून झालाय. आणि सकाळी अंग स्वच्छ असूनही संध्याकाळपर्यंत नव्या गाठी दिसल्या, तर चावणारा डास दिवसाचा आहे. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ एवढं पाहिलंत तर कुठे दुरुस्ती करायची ते आपोआप कळेल.

त्याबरोबर गाठी डासाच्याच आहेत ना, हेही बघून घ्या. डासाचा चावा एकेकटा असतो, उघड्या अंगावर असतो, थोडा वर आलेला असतो आणि मधोमध बारीक ठिपका दिसतो. लहान बाळांच्या शरीराला डासाच्या लाळेची सवय नसते, त्यामुळे त्यांची गाठ मोठ्यांपेक्षा जास्त सुजते आणि घरचे घाबरतात. मानेच्या घडीत, काखेत, पाठीवर बारीक बारीक पुरळ घोळक्याने आलं असेल तर ते घामोळं असण्याची शक्यता जास्त. त्याचा इलाज अंगावरचे कपडे कमी करणं हा आहे, मच्छरदाणी बदलणं नव्हे.

आता मच्छरदाणीकडे येऊ, कारण तुमच्या बाळाच्या वयात खरं संरक्षण तेवढंच आहे. छत्रीची छोटी मच्छरदाणी सोयीची असते हे मान्य. उचलून कुठेही ठेवता येते, कुणालाही बसवता येते. पण तिची रुंदी जेमतेम बाळाएवढी असते आणि भिंती आतल्या बाजूला उतरत्या असतात. बाळ अगदी मधोमध पडून आहे तोवरच ती उपयोगी. शिवाय तुमचं बाळ थोड्याच महिन्यांत कुशीवर वळायला लागेल. तेव्हा ते लोळत जाळीपर्यंत जाईल, तोंड जाळीत दाबलं जाऊ शकेल किंवा हलकी छत्री अंगावर कलंडू शकेल. त्यामुळे ही मच्छरदाणी फार तर बाळ पालथं पडायला लागेपर्यंत वापरावी, तीही कुणी जागं माणूस समोर असताना, थोड्या वेळाच्या झोपेसाठी. रात्रीसाठी तिच्यावर विसंबू नका.

रात्रीसाठी बाळाच्या अख्ख्या पाळण्यावर किंवा छोट्या खाटेवर बसेल अशी मोठी, चौकोनी मच्छरदाणी घ्या. चौकोनी म्हणते कारण ती चारही बाजूंनी सरळ खाली येते. एकाच टोकावर टांगलेली, तंबूसारखी निमुळती मच्छरदाणी दिसायला छान असते, पण आतली जागा वरच्या बाजूला कमी होत जाते आणि भिंती बाळाच्या जवळ येतात. बाळ हातपाय पसरून झोपलं तरी प्रत्येक बाजूला किमान वीतभर मोकळी जागा उरली पाहिजे. तेवढी जागा राहिली की जाळीतून चावण्याचा प्रश्न मिटतो.

जाळी किती बारीक असावी, याचं रूढ माप चौरस इंचात 156 छिद्रं असं आहे. मापून बघायला कुणी बसत नाही, आणि नेहमीच्या चांगल्या मच्छरदाण्या साधारण त्याच मापाच्या असतात. मात्र शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या, लेससारख्या मोठ्या भोकांच्या जाळ्या डासासाठी नसतातच. घरी आणल्यावर आणि नंतर दर धुण्यानंतर जाळी उजेडासमोर धरून बघा. बोट जाईल एवढं भोक दिसलं तर ते त्याच दिवशी शिवून टाका. डासाला त्याहून कितीतरी लहान वाट पुरते.

खालच्या कडा गादीखाली खोचायच्या, जमिनीवर लोंबकळत सोडायच्या नाहीत. हे काम संध्याकाळ होण्याआधी करा. पुष्कळ घरांत मच्छरदाणी रात्री झोपायच्या वेळी सोडतात, तेव्हा खोलीतले डास आधीच गादीच्या आसपास आलेले असतात आणि मग जाळी त्यांनाच आत कोंडून ठेवते. दिवसा ती उघडी टाकू नका. वर गुंडाळून ठेवा किंवा खोचलेलीच राहू द्या. रात्री दूध पाजायला बाळाला उचलताना एकच कड, तीही हात आत जाईल इतकीच उघडा, बाळ बाहेर आलं की लगेच पुन्हा खोचा. बाळाला घेऊन तुम्ही अर्धा तास बसता, तेवढ्यात उघडी राहिलेली कड हीच डासाची वाट. सकाळी आत डास सापडणाऱ्या घरांत मला हेच कारण बहुतेक वेळा दिसतं. बाळाला परत ठेवल्यावर टॉर्चने एकदा आत नजर टाका, मिनिटभराचं काम आहे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी मात्र काटेकोर पाळा. मच्छरदाणी ताणून, पक्की बांधलेली हवी. सैल झोळ बाळाच्या तोंडावर येऊ शकतो, आणि एवढ्या लहान बाळाला तो बाजूला सारता येत नाही. बांधायच्या दोऱ्या, नाड्या बाळाच्या हाताला कुठेच लागता कामा नयेत. सैल लोंबणारी दोरी वीतभरही नको, जास्तीचा भाग कापून टाका. बाळ बसायला, आधार धरून उभं राहायला लागलं की सगळी बांधणी पुन्हा तपासा, कारण मग ते जाळी धरून ओढतं. आणि मच्छरदाणी लावली तरी बाळाला पाठीवरच झोपवायचं, आत उशी, लोड, सैल दुलई नको, हा नियम तसाच राहतो.

कीटकनाशक लावलेल्या, म्हणजे औषधी मच्छरदाण्याही मिळतात. तान्ह्या बाळाला त्या चालतात का, असं खूप आया विचारतात. चालतात. जागतिक आरोग्य संघटना मलेरियाच्या भागात तान्ही बाळं आणि गरोदर स्त्रिया दोघांसाठीही त्यांचीच शिफारस करते. जाळीला लावलेलं औषध डासाला स्पर्शाने मारतं, त्यामुळे बाळाचा हात कधी जाळीला टेकला तरी साध्या जाळीपेक्षा बचाव जास्त होतो. नवी मच्छरदाणी उघडून एक दिवस सावलीत, हवेवर टांगून ठेवा, मगच वापरा. धुवायची ती साध्या साबणाने, हलक्या हाताने, आणि वाळवायची सावलीत. ब्लीच आणि कडक ऊन यांनी औषध लवकर उतरतं. अशी मच्छरदाणी साधारण 20 धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत टिकेल अशी बनवलेली असते, म्हणजे दर आठवड्याला धुतली तर काही महिन्यांतच तिची ताकद संपेल. दर दोन-तीन महिन्यांनी धुणं पुरेसं आहे. दात येणाऱ्या बाळांना जाळी चोखायला आवडते, तेव्हा ती त्यांच्या तोंडापर्यंत पोहोचणार नाही इतकी दूर बांधा.

उकाड्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. जाळी वारा अडवते, आणि पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. पण त्यावर उपाय जाळी काढणं हा नाही. पंखा लावा, शक्यतो बाहेरून जाळीच्या एका बाजूवर वारा येईल असा, थेट बाळाच्या तोंडावर नको. पंख्याचा दुहेरी उपयोग होतो. डास फार कच्चा उडणारा जीव आहे, वाऱ्यात त्याला नीट उतरता येत नाही, आणि आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, ज्याच्या मागावर तो येतो, तोही वाऱ्याने पांगतो. बाळाला गरम होतंय का हे हातपायांवरून पाहू नका, ते गार असतातच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथे घाम असेल किंवा कातडी तापलेली लागली तर एक कपडा कमी करा. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: जाळी पुरेशी वाटत नाही म्हणून बाळाच्या पाळण्यावर किंवा बाबागाडीवर चादर, ओढणी, दुपट्टा टाकणं. कापड पातळ असलं तरी आतली हवा झपाट्याने तापते.

आता दिवसाबद्दल. डास संध्याकाळनंतरच येतात हे मलेरियाच्या आणि घाणीच्या पाण्यातल्या नेहमीच्या डासांपुरतं बरोबर आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-एक तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन-एक तास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो, पण सावलीच्या खोलीत तो दुपारीही चावतो. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, आवाज फारसा न करणारा. तो पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात दबा धरून बसतो. आता तुमच्या बाळाचा दिनक्रम आठवा. सात आठवड्यांचं बाळ दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपूनच काढतं, आणि सकाळची अंघोळ झाल्यावरची गाढ झोप, दुपार उलटल्यावरची झोप नेमक्या याच वेळांत येतात. म्हणून तुमच्या बाळाला रात्रीइतकीच दिवसाच्या झोपेतही मच्छरदाणी हवी. तुम्ही एवढा एकच बदल उद्यापासून केलात, तरी मला समाधान वाटेल.

जागेपणी बाळ मच्छरदाणीत राहणार नाही, राहूही नये. त्या वेळी कपड्यांवर भर द्या. फिकट रंगाचे, हातपाय झाकणारे, सैल आणि सुती कपडे घाला. सैल हा शब्द महत्त्वाचा, कारण अंगाला घट्ट बसलेल्या पातळ कापडातून डास सहज चावतो. पायमोजे घातले तरी मांडीवर घेतल्यावर पायजमा वर सरकून घोटा उघडा पडतो, तिथे लक्ष ठेवा. आणि बाळाला घेऊन कुठे बसता ते बघा. खिडकीजवळची, पडद्यालगतची अंधारी खुर्ची सोडून पंख्याखाली, उजेडात बसा. खिडक्यांना जाळ्या असतील तर त्यांच्या चौकटीच्या फटी तपासा, जाळी चांगली आणि फट उघडी असं पुष्कळदा असतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: रिपेलंट बाळाला लावायला बंदी आहे, तुम्हाला नाही. बाळ दिवसभर तुमच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाजवळ असतं. दूध पाजणाऱ्या आईला डीट किंवा पिकारिडिन असलेलं रिपेलंट लेबलवर सांगितल्याप्रमाणे लावायला हरकत नाही. आपल्या घोट्यांना, पायांना, कोपराच्या मागे लावा. छातीवर, हाताच्या तळव्यांना आणि जिथे बाळाचं तोंड टेकतं त्या खांद्यावर, बाहूवर लावू नका. लावून झालं की हात साबणाने धुवा. बाळाला घेणाऱ्या आजी-आजोबांनीही असंच केलं तर चावरे डास घरातल्या माणसांपासून दूर राहतील आणि घरात कुणाला डेंग्यू झालाच, तर डासांमार्फत तो बाळापर्यंत जाण्याची शक्यताही कमी होईल.

आता कापराच्या तेलाबद्दल. सासूबाईंनी प्रेमापोटी सांगितलंय, आणि त्यांची मुलं ठणठणीत वाढली म्हणून त्यांना खात्रीही आहे, हे मी समजू शकते. तरीही कापूर बाळाच्या अंगाला लावू नका, नाकाला नको, कपड्याला पुरचुंडी करून बांधायलाही नको. कापूर कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातो, आणि लहान बाळांमध्ये त्याने झटके आल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर त्यानेही झटके येऊ शकतात. कडुनिंबाचं तेल अंगाला लावलं आणि बाळाने हात चोखला तर ते पोटात जातं, आणि ते पोटात गेल्याने बाळांच्या मेंदूवर आणि यकृतावर गंभीर परिणाम झालेले आहेत. कपड्यांच्या कपाटातल्या नॅप्थलीनच्या गोळ्याही बाळाच्या कपड्यांत, गादीत ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी6पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनेही फुटू शकतात, आणि ही कमतरता तपासणीशिवाय कळत नाही. सासूबाईंशी बोलताना 'तुमचं चुकतंय' असं म्हणण्यापेक्षा हे झटक्यांचं कारण सांगा. नातवाची काळजी त्यांनाही आहेच. आणि संध्याकाळी मच्छरदाणी खोचायची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा, त्या ती नेमाने पार पाडतील.

नवऱ्याने आणलेलं रोल-ऑन आत्ता बाजूला ठेवा. 'नैसर्गिक' म्हणजे वनस्पतीतून आलेलं, एवढाच त्याचा अर्थ. वर सांगितलेली सगळी तेलं नैसर्गिकच आहेत. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. गवती चहा, सिट्रोनेला, लव्हेंडर यांसारखी तेलं असतील तर त्यांचा असर अगदी थोडा वेळ टिकतो, आणि कोवळ्या कातडीला त्यांनी लाली, पुरळ येऊ शकतं. लेमन युकॅलिप्टस तेल किंवा पीएमडी लिहिलेलं असेल, तर ते डासांवर खरोखर चालतं, पण तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही. हातात घालायचे सुगंधी पट्टे आणि डास पळवण्याचा दावा करणारी आवाजाची यंत्रं यांवर पैसे घालवू नका. पट्टा घातलेल्या मनगटापासून चार बोटांवर डास चावतो. शिवाय पट्टा बाळाच्या तोंडात जाण्याचा धोका वेगळाच.

कॉइलला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. एका तपासणीत एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतका सूक्ष्म कणांचा धूर निघालेला आढळला. सात आठवड्यांच्या फुप्फुसांना, तेही बंद खोलीत, रात्रभर, हे देण्यासारखं काहीच कारण नाही. पाला, उदबत्ती, धूप असा कुठलाही धूर याच हिशेबात धरा. लिक्विडच्या मशीनला धूर नसतो, त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक अगदी कमी प्रमाणात तापून हवेत पसरतं. ते कॉइलपेक्षा पुष्कळ बरं, पण बाळ खोलीत असताना, खिडक्या लावून, रात्रभर, असा त्याचा वापर मी सुचवणार नाही. डास फारच असतील तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना संध्याकाळी तासभर मशीन चालवा, मग बंद करून खोलीत हवा खेळू द्या, आणि त्यानंतर बाळाला आणून मच्छरदाणीत ठेवा. फवाऱ्याचंही असंच. मशीनची बाटली रांगत्या बाळाच्या हाती कधीही लागू देऊ नका. ते द्रव पोटात गेलं तर उलटी करवू नका, बाटली घेऊन तडक रुग्णालय गाठा.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दोन महिन्यांनंतरचा. दोन महिने ही किमान मर्यादा आहे, त्या दिवसापासून लावायला सुरुवात करायची तारीख नव्हे. काही देशांत तर सहा महिन्यांखाली लावूच नका असं सांगतात. मीही सहा महिन्यांच्या आत रिपेलंट टाळण्याच्या बाजूची आहे, कारण त्या वयात बाळ स्वतःहून कुठे जात नाही. ते जिथे असतं तिथे मच्छरदाणी नेता येते, बाबागाडीवर घट्ट बसणारी जाळी मिळते. तरी कधी संध्याकाळी डासांच्या जागी जावंच लागलं, तर डॉक्टरांना विचारून डीट किंवा पिकारिडिन असलेलं उत्पादन घ्या. काही लेबलांवर पिकारिडिनला इकारिडिन म्हटलेलं असतं, वस्तू तीच. लेबलवरची वयाची अट वाचा, ती उत्पादनागणिक वेगळी असते, आणि जी अट जास्त कडक ती पाळा. डीटचं प्रमाण जास्त म्हणजे ते जास्त जोरात काम करतं असं नाही, ते जास्त वेळ टिकतं. 10 टक्क्यांचं साधारण दोन तास, 30 टक्क्यांचं साधारण पाच तास. तासाभराच्या कामासाठी 10 टक्के पुरे, आणि 30 टक्क्यांच्या वर मुलांसाठी कधीच नको.

लावायचं ते आधी आपल्या तळहातावर घेऊन, मग बाळाच्या उघड्या अंगावर पातळ थर. कपड्याखाली नको, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ नको, ओरखडा किंवा पुरळ असलेल्या जागी नको. हाताला अजिबात नको, कारण हात तोंडात जाणारच, आणि चार-पाच महिन्यांनंतर पायाचे अंगठेही जातात, तेव्हा पावलांनाही नको. दिवसातून एकदाच लावा, आणि घरी आल्या आल्या साबण-पाण्याने धुऊन कपडे बदला. झोपताना अंगावर ठेवून झोपवू नका. लावल्यावर पुरळ आलं तर लगेच धुवा आणि पुन्हा ते उत्पादन वापरू नका. डीट प्लॅस्टिकवर आणि काही कृत्रिम धाग्यांवर परिणाम करतं, खेळण्यांना लागू देऊ नका. सनस्क्रीन आणि रिपेलंट एकत्र असलेली क्रीम टाळा. सनस्क्रीन पुन्हा पुन्हा लावावं लागतं, रिपेलंट नाही.

घरातल्या पाण्याबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला ठाऊक असेलच. फक्त एक सांगते. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पहिल्या पावसानंतर डास अचानक वाढतात ते यामुळेही. म्हणून कुंडीखालची ताटली, पाण्याची बादली, कूलरची टाकी, फ्रीजमागचा ट्रे नुसता रिकामा करून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून घासावा लागतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा वार ठरवून घ्या.

आत्ता उठलेल्या गाठींवर थंड पाण्यात भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं धरा, बाळाची नखं आखूड ठेवा. खाज फार असेल तर काय लावायचं ते डॉक्टरांना विचारा. गाठ पसरत चालली, गरम लागली, तिच्यातून पू आला, तर दाखवायला न्या.

आणि तापाचं लक्षात ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर कारण काहीही वाटो, घरी औषध देऊन वाट बघायची नाही. त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, डॉक्टरांकडे न्यायचं. बाळ मोठं असेल आणि तापासोबत दूध घेत नसेल, सुस्त पडलं असेल, सारखं रडत असेल, लघवी कमी झाली असेल, उलट्या होत असतील, अंगावर लाल ठिपके दिसत असतील किंवा हातपाय गार पडत असतील, तर तेही तसंच तातडीचं. डेंग्यूची शंका असेल तेव्हा आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला की धोका टळला असंही समजू नका. डेंग्यूत ताप ओसरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपण्याचे असतात. डॉक्टरांना ताप कधी सुरू झाला, बाळाने शेवटचं दूध कधी घेतलं, लंगोट शेवटचा कधी ओला झाला आणि घरात किंवा शेजारी कुणाला डेंग्यू झालाय का, एवढं लिहून नेलंत तर त्यांना पुढचा निर्णय लवकर घेता येईल.